एकच कोडं, साऱ्या वर्गाला

वजाबाकीची दहा गणितं फळ्यावर लिहून शिक्षक मागे वळतात, तोवर एखाद्या मुलाची सहा सोडवूनही झालेली असतात. बाकीचा वर्ग अजून तारीख आणि समास आखण्यातच असतो. अशा मुलाचं करायचं काय? बहुतेकदा त्याला आणखी दहा गणितं मिळतात. भरभर केलं की काम वाढतं, हे चार दिवसांत त्याच्या लक्षात येतं आणि ते मुद्दाम रेंगाळू लागतं. कधी त्याला ‘शेजाऱ्याला मदत कर’ म्हणून सांगितलं जातं. एखाद्या दिवशी ते ठीक असतं, पण रोजचं झालं की मूल कंटाळतं. कधी त्याची पाठवणी स्कॉलरशिपच्या वेगळ्या तुकडीत होते. मग ते वर्गात असूनही वर्गाचं राहत नाही.

याहून चांगली वाट म्हणजे साऱ्या वर्गाला असं एकच कोडं देणं, ज्यात शिरणं सगळ्यांना जमेल, पण ज्याचा तळ लवकर लागणार नाही. केंब्रिज विद्यापीठाचा ‘एनरिच’ हा उपक्रम १९९६पासून शाळांसाठी अशी कोडी तयार करतो. पण या प्रकारचं एक अस्सल कोडं आपल्याच मातीतलं आहे. देवळालीच्या शाळेत शिकवणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी १९४९ साली ६१७४ या संख्येचा चमत्कार जगापुढे मांडला. त्याचं तीन अंकी भावंड पाचवी-सहावीच्या वर्गाला अगदी मापात बसतं.

कृती सोपी आहे. कोणतीही तीन अंकी संख्या घ्या, फक्त तिचे तिन्ही अंक सारखे नकोत. त्या अंकांपासून सर्वांत मोठी आणि सर्वांत लहान संख्या बनवा आणि मोठीतून लहान वजा करा. जे उत्तर येईल, त्यावर पुन्हा तेच करा. उदाहरणार्थ ३८१ घेतली, तर ८३१ − १३८ = ६९३. मग ९६३ − ३६९ = ५९४. त्यानंतर ९५४ − ४५९ = ४९५. ४९५चे अंक पुन्हा लावले, तर पुन्हा ९५४ − ४५९, म्हणजे ४९५च. गाडी तिथेच थांबते.

पहिली दहा-पंधरा मिनिटं प्रत्येकानं आपल्या मनातली संख्या घेऊन वहीत गुपचूप करायचं. बोलायचं नाही, हा नियम कडक हवा. एकानं ‘सगळ्यांचं ४९५ येतं’ असं ओरडून सांगितलं, की उरलेल्यांचं कोडं तिथेच संपतं. ज्यांना हातच्याची वजाबाकी अजून जड जाते, त्यांचा या वेळात भरपूर सराव होतो, आणि तोही कंटाळा न येता, कारण पुढे काय येतंय याची उत्सुकता असते. चूक झाली तर बहुधा तीही कळते, कारण बरोबर वजाबाकीत मधला अंक नेहमी ९ येतो. तो ९ नसेल तर हातचा कुठेतरी चुकलाय.

इथे एक खाचखळगा आहे. २११ घेतली, तर २११ − ११२ = ९९. पुष्कळ मुलं इथे दोनच अंक धरतात, ९९मधून ९९ वजा करतात आणि शून्यावर येऊन थांबतात. उत्तर ०९९ असं तीन अंकी धरायला हवं. मग ९९० − ०९९ = ८९१ येतं आणि वाट पुढे सरकते. एखाद्याला शून्य आलं, तर ते पुसायला न लावता फळ्यावर घ्यावं. शून्याला जागा का द्यायची, यावर वर्गात याहून चांगली चर्चा क्वचितच होते.

आता फळ्यावर एक तक्ता करायचा. प्रत्येकाची सुरुवातीची संख्या आणि ४९५पर्यंत पोचायला लागलेल्या पायऱ्या एवढंच त्यात लिहायचं. भरभर शिकणाऱ्या मुलाचं खरं काम इथून सुरू होतं, आणि त्या कामासाठी त्याला वर्ग लागतो. एकट्यानं सोडवलेल्या चार-पाच संख्यांवरून काहीच उमगत नाही. चाळीस मुलांच्या चाळीस संख्या समोर आल्या, की दिसतं की ४७२ला एकच पायरी लागली, ३८१ला तीन आणि २११ला सहा. असं का, हा प्रश्न सगळ्यांच्या मेहनतीतून उभा राहतो. सावकाश काम करणाऱ्या मुलीनं सोडवलेली एकच संख्यासुद्धा या शोधात मोलाची ठरते.

शिक्षकांनी उत्तर सांगायचं नाही, फक्त प्रश्न टाकायचा: ‘सुरुवातीची संख्या बघून पायऱ्या आधीच सांगता येतील का?’ जरा वेळानं कुणाला तरी दिसतं की वजाबाकीत मधला अंक मधलाच राहतो, म्हणून त्याचा उत्तराशी संबंधच नसतो. ८३१ − १३८मध्ये ३ जागचा हलत नाही. उरतात ८ आणि १. त्यांतला फरक ७, म्हणून उत्तर ७०० वजा ७, म्हणजे ६९३. याचा अर्थ पहिलं उत्तर फक्त सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान अंकांतल्या फरकावर ठरतं: ९९ गुणिले तो फरक. फरक १ ते ९पैकीच असणार. म्हणजे तीन अंकी संख्या शेकड्यांनी असल्या, तरी पहिल्या वजाबाकीनंतर नऊच उत्तरं शक्य आहेत. ती नऊ तपासली, की काम फत्ते. फरक ५ असेल तर एक पायरी, ६ला दोन, ४ किंवा ७ला तीन, ३ किंवा ८ला चार, २ किंवा ९ला पाच आणि १ला सहा.

ही सिद्धता आहे, आणि सहावीतलं मूल ती स्वतःची स्वतः करू शकतं. शेवटच्या दहा मिनिटांत ती त्यानं फळ्याशी येऊन वर्गाला सांगावी. सांगताना तक्त्यातल्याच संख्या घ्याव्यात, म्हणजे ज्याची संख्या आहे त्याला आपली वही तपासून बघता येते. ज्याला फक्त वजाबाकी जमली त्यालाही ते कळतं, कारण संख्या त्याच्या ओळखीच्या असतात.

तरीही कुणी पुढे निघालंच, तर दोन अंकांवर हेच करून बघायला सांगावं. तिथे एकच संख्या थांबा ठरत नाही, ९, ८१, ६३, २७, ४५ आणि पुन्हा ९ असं चक्र फिरत राहतं. चार अंकांवर मात्र ६१७४ येते, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत.

या पद्धतीला मर्यादाही आहेत. एका कोड्याला अख्खी तासिका जाते आणि अभ्यासक्रमातला प्रत्येक घटक अशा कोड्यात बसत नाही. आठवड्यातून एकदा केलं, तरी पुरे. एखाद्या मुलाला ४९५ आधीच ठाऊक असेल, तर त्याला ‘का’ हाच प्रश्न थेट द्यावा, कारण ठाऊक असणं वेगळं आणि पटवून देता येणं वेगळं. कोडं लागू पडलंय की नाही, हे ओळखायची खूण सोपी आहे. ‘झालं’ म्हणून वही मिटली, तर नाही पडलं. ‘अजून एक संख्या करून बघू का?’ असं मुलानं आपणहून विचारलं, तर पडलं.

शिक्षकांना आणि पालकांना एवढीच विनंती आहे: मूल भराभर पुढे गेलं, तर त्याला लगेच पुढच्या इयत्तेचं पुस्तक देऊ नका. आधी त्याच गणितातला पुढचा प्रश्न द्या, आणि त्याला मिळालेलं उत्तर साऱ्या वर्गाला ऐकू द्या.