थंडीत खोबरेल गोठतं, करडईचं तेल नाही... पण याचा तुमच्या एलडीएलशी काय संबंध?

जानेवारीची सकाळ. आंघोळीला जायच्या आधी खोबरेल तेलाची बाटली उलटी केली, तर थेंब पडत नाही. आतलं तेल पांढरं, घट्ट. मग बाटली उन्हात ठेवा नाहीतर गरम पाण्यात बुडवा. स्वयंपाकघरात मात्र करडईचं तेल त्याच थंडीत पाण्यासारखं वाहत असतं.

हे बघून अनेकांनी एक निष्कर्ष काढलाय आणि तो व्हॉट्सॲपवर फिरतही असतो. जे तेल बाटलीत गोठतं, ते रक्तवाहिनीतही गोठतं, म्हणून ते वाईट.

ऐकायला पटतं, पण चूक आहे. गंमत म्हणजे गोठण्यामागे रेणूंचा आकार असतो हे खरं आहे, आणि त्या आकाराचा एलडीएल कोलेस्टेरॉलवर परिणाम होतो हेही खरं आहे. फक्त तो परिणाम रक्तवाहिनीत गोठून होत नाही. तो होतो यकृतात.

कार्बन तेवढेच, फरक एका बंधाचा

कुठलंही तेल किंवा तूप म्हणजे मुख्यतः फॅटी ॲसिडच्या साखळ्या. प्रत्येक साखळीचा कणा कार्बनचा असतो आणि प्रत्येक कार्बनला चार हात असतात असं समजा. दोन हात शेजारच्या दोन कार्बनना धरतात. उरलेल्या दोन हातांत एकेक हायड्रोजन. सगळ्या कार्बनचे हात असे हायड्रोजनने पूर्ण भरलेले असले, की ते सॅच्युरेटेड, म्हणजे संपृक्त. आणखी हायड्रोजनला जागाच नाही.

आता साखळीच्या मधल्या दोन शेजारी कार्बननी एकेक हायड्रोजन सोडला आणि तो रिकामा हात एकमेकांना दिला, तर त्यांच्यात दुहेरी बंध तयार होतो. असा एक बंध असेल तर मोनोअनसॅच्युरेटेड, दोन किंवा जास्त असतील तर पॉलीअनसॅच्युरेटेड. व्याख्या एवढीच.

एका बंधाने काय होतं, ते बघायला तीन फॅटी ॲसिड शेजारी ठेवूया. तिघांतही बरोबर १८ कार्बन आहेत. स्टिअरिक ॲसिडमध्ये एकही दुहेरी बंध नाही, ते वितळतं ६९ अंश सेल्सिअसला. ओलिक ॲसिडमध्ये एक दुहेरी बंध, ते १३ अंशांच्या आसपास वितळतं. लिनोलिक ॲसिडमध्ये दोन, आणि ते उणे ५ अंशांनाही द्रवच असतं.

कारण अगदी साधं आहे. एकेरी बंधाची साखळी सरळ ताणता येते. खराट्याच्या हिरांसारख्या सरळ काड्या एकमेकींना चिकटून घट्ट जुडी होते. दुहेरी बंध मात्र ताठ असतो, फिरत नाही, आणि नैसर्गिक तेलांमध्ये तो साखळीला मधेच बाक देतो. वाकड्या काड्यांची जुडी बांधून बघा, मधे फटी राहतातच. रेणू नीट रचले जात नाहीत, म्हणून तेल द्रव राहतं.

खोबरेलात साधारण ८५ ते ९० टक्के सॅच्युरेटेड फॅटी ॲसिड असतात, म्हणून ते २४ अंशांच्या खाली गोठतं. शेंगदाणा तेलात जवळपास निम्मं ओलिक असतं, ते फ्रीजमध्ये ठेवलं तर गढूळ, दाट होतं. आपल्याकडच्या पारंपरिक करडईच्या तेलात ७० टक्क्यांहून जास्त लिनोलिक असतं, त्यामुळे त्याला थंडी बाधत नाही.

मग ते रक्तात गोठत का नाही?

पहिली गोष्ट, शरीराचं तापमान ३७ अंश असतं. तिथे खोबरेल आरामात पातळ असतं. दुसरी, खाल्लेलं तेल तसंच्या तसं रक्तात जात नाही. आतड्यात ते सुटं होतं, पुन्हा बांधलं जातं आणि प्रथिनांच्या आवरणात गुंडाळून पाठवलं जातं.

आणि तिसरी गोष्ट या सिद्धांताचा निकालच लावते. ६९ अंशांना वितळणारं स्टिअरिक ॲसिड एलडीएल जवळपास वाढवतच नाही. उलट खोबरेलातलं मुख्य फॅटी ॲसिड, लॉरिक, ४४ अंशांनाच वितळतं, पण ते एलडीएल वाढवतं. गोठण्यावरून लावलेला अंदाज दोन्हीकडून फसला.

खरी घडामोड समजायला एलडीएल काय असतं ते बघावं लागेल. एलडीएल म्हणजे कोलेस्टेरॉल वाहून नेणारे कण. रक्तात ते किती राहणार, हे बऱ्याच अंशी यकृत ते किती वेगाने उचलतं यावर ठरतं. यकृताच्या पेशींवर हे कण पकडून आत ओढणारे रिसेप्टर असतात. ते शोधून काढणाऱ्या मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन या शास्त्रज्ञांना १९८५ चं नोबेल मिळालं. रिसेप्टर जास्त असतील तर रक्तातलं एलडीएल कमी, रिसेप्टर कमी असतील तर एलडीएल जास्त.

आता रिसेप्टर किती बनवायचे हे पेशी कशी ठरवते? ती आपल्या आतलं मोकळं कोलेस्टेरॉल मोजते. पुरेसं असेल तर म्हणते, बाहेरून आणायची गरज नाही, आणि रिसेप्टर कमी करते. तुटवडा जाणवला तर वाढवते.

इथे साखळीचा आकार कामाला येतो. पेशीत एक एन्झाइम असतं, ते मोकळ्या कोलेस्टेरॉलला एक फॅटी ॲसिड जोडून बाजूला साठवून ठेवतं. त्याला या कामासाठी बाक असलेलं ओलिक ॲसिड विशेष आवडतं. ओलिकसारखी साखळी मिळाली की मोकळं कोलेस्टेरॉल साठ्यात जातं, पेशीला तुटवडा वाटतो, रिसेप्टर वाढतात आणि रक्तातलं एलडीएल उचललं जातं. सरळ सॅच्युरेटेड साखळ्या, म्हणजे लॉरिक, मायरिस्टिक आणि पामिटिक, जास्त आल्या की हे साठवण्याचं काम मंदावतं. मोकळं कोलेस्टेरॉल तसंच राहतं, पेशी समाधानी होते, रिसेप्टर घटतात. थोडक्यात, कोलेस्टेरॉल न खाताही नुसत्या खोबरेलाने एलडीएल वाढू शकतं. त्यामुळे तेलाच्या पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं 'कोलेस्टेरॉल फ्री' फारसं काही सांगत नाही, कारण वनस्पतीच्या तेलात कोलेस्टेरॉल मुळात नगण्यच असतं.

पॉलीअनसॅच्युरेटेडमध्ये रिसेप्टर वाढतातच, शिवाय या साखळ्या शरीरात तुलनेने लवकर जाळल्या जातात. एलडीएल खाली आणण्यात त्या मोनोपेक्षा थोड्या पुढे आहेत. या यंत्रणेचा बारीक तपशील मुख्यतः प्राण्यांवरच्या प्रयोगांतून आलाय. माणसांत एलडीएल कुठल्या दिशेने हलतं, हे मात्र आहार मोजूनमापून दिलेल्या अनेक चाचण्यांत दिसलंय.

मग स्टिअरिक कसं सुटतं? यकृतात आणखी एक एन्झाइम आहे. ते स्टिअरिकच्या नवव्या आणि दहाव्या कार्बनमध्ये दुहेरी बंध घालतं, आणि १८ कार्बन, एक दुहेरी बंध म्हणजे काय? ओलिक! शरीर सरळ काडीला स्वतःच बाक देतं. अर्थात यावरून मटणाची चरबी खायला मोकळीक मिळत नाही, कारण तिथे स्टिअरिकसोबत पामिटिकही भरपूर येतं.

याच्या नेमका उलटा प्रकार माणसाने कारखान्यात केला. तेलात हायड्रोजन सोडून वनस्पती तूप बनवताना काही दुहेरी बंध उरायचे, पण त्यांची दिशा बदलायची. या ट्रान्स फॅटमध्ये दुहेरी बंध असूनही साखळी जवळपास सरळ. ते एलडीएल वाढवतंच, वर 'चांगलं' म्हणवलं जाणारं एचडीएल कमी करतं. भारतात २०२२ पासून तेल आणि वनस्पतीमध्ये याची मर्यादा २ टक्क्यांवर आणली गेली.

एका चमच्याचा हिशोब

समजा, एक माणूस दिवसाला २००० कॅलरी खातो आणि त्याचं एलडीएल १४० आहे. त्याच्या जेवणात रोज एक मोठा चमचा, म्हणजे सुमारे १४ ग्रॅम खोबरेल असतं. त्यात साधारण १२ ग्रॅम सॅच्युरेटेड. त्याजागी तेवढंच करडईचं तेल घेतलं तर सॅच्युरेटेड उरतं जेमतेम १ ग्रॅम आणि पॉली मिळतं १० ग्रॅमच्या आसपास. म्हणजे ११ ग्रॅमची अदलाबदल. एका ग्रॅमला ९ कॅलरी धरल्या तर सुमारे १००, दिवसाच्या उष्मांकाच्या ५ टक्के.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या विश्लेषणानुसार, १ टक्का उष्मांक सॅच्युरेटेडकडून पॉलीकडे वळवला तर एलडीएल सरासरी २ मिलिग्रॅमने उतरतं. मोनोकडे वळवला तर सुमारे दीडने. ५ टक्क्यांना झाले साधारण १० मिलिग्रॅम. १४० चं १३०.

करडईऐवजी शेंगदाणा तेल घेतलं असतं तर? त्यात मोनो जास्त, पॉली कमी आणि थोडं सॅच्युरेटेडही असतं, त्यामुळे घट ८ च्या आसपास आली असती. दोघांत फरक जेमतेम २ चा. त्यामुळे शेंगतेल की करडई यावर घरात वाद घालण्यात फार अर्थ नाही. मोठा फरक सॅच्युरेटेड काढण्यात आहे. आणि त्याजागी काय आलं यातही. चमचाभर खोबरेल काढून तेवढ्याच कॅलरींचा मैदा आणि साखर आली, तर एलडीएलची घट आणखी कमी आणि वरून ट्रायग्लिसराइड वाढण्याची शक्यता.

हे सगळे आकडे सरासरीचे आहेत. कुणाचं एलडीएल यापेक्षा जास्त हलतं, कुणाचं हलतच नाही. बदलाचा परिणाम तीन-चार आठवड्यांत दिसायला लागतो, पण एलडीएल तसंही थोडं वर-खाली होत असतं, त्यामुळे एकाच रिपोर्टमधली १० ची घट तेलामुळेच आली असं छातीठोक सांगता येत नाही. दोन-तीन रिपोर्ट बघावे लागतात. आणि डॉक्टरांनी गोळी दिली असेल तर तेल बदललं म्हणून ती बंद करू नये, कारण स्टॅटिन गोळ्यांनी एलडीएल साधारण ३० ते ५० टक्के उतरतं. तिथे १० मिलिग्रॅम पुरणार नाहीत.

पॉलीची एक दुखरी बाजूही आहे. दोन दुहेरी बंधांच्या मधल्या कार्बनवरचा हायड्रोजन सहज निसटतो आणि तिथे ऑक्सिजन येऊन बसतो. करडईचं तेल उघडं ठेवलं की लवकर खवट होतं ते यामुळेच. भज्यांसाठी तेच तेल पुन्हापुन्हा तापवायचं असेल तर त्यातल्या त्यात शेंगतेल बरं.

शेवटी एक गोष्ट दुकानात उभं असताना बघायची. हल्ली करडई आणि सूर्यफुलाच्या अशा जातीही आहेत ज्यांच्या तेलात लिनोलिकऐवजी ओलिकच मुख्य असतं. नाव करडई, पण रचना वेगळीच. ते पुढच्या बाजूच्या फुलाच्या चित्रावरून कळणार नाही. पाकीट उलटं करा, मागच्या तक्त्यात सॅच्युरेटेड, मोनो आणि पॉली हे तीन आकडे बघा.