उपवासाच्या ताटातली प्रथिने आणि कर्बोदके

साबुदाणा म्हणजे जवळजवळ शुद्ध स्टार्च. शंभर ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात सुमारे ८७ ग्रॅम कर्बोदके असतात, उरलेले बहुतेक पाणी. प्रथिने भरतात ती जेमतेम ०.२ ग्रॅम. रोजच्या जेवणातल्या भातालाही आपण पिष्टमय म्हणतो, पण शंभर ग्रॅम तांदळात सहा-सात ग्रॅम प्रथिने असतात. त्यामुळे भाताच्या जागी साबुदाणा आला, की ताटातून भाताबरोबर ही प्रथिनेही जातात, आणि ती दुसऱ्या कशातून तरी भरून काढावी लागतात.

साबुदाण्यात प्रथिने का नाहीत, हे तो कसा बनतो ते पाहिले की कळते. भारतातला साबुदाणा कसावा किंवा टॅपिओका या कंदापासून तयार होतो. त्याचे मोठे केंद्र तमिळनाडूतील सेलम परिसरात आहे. कंद धुऊन, साल काढून, पाण्याबरोबर चिरडतात आणि चोथा गाळून काढतात. गाळलेले दुधासारखे पाणी टाक्यांत निवळू देतात. तळाशी बसतो तो स्टार्चचा पांढरा साका. कसाव्यात मुळातच प्रथिने थोडी, शंभर ग्रॅम ताज्या कंदात एखादा ग्रॅम, आणि तीही वरच्या पाण्याबरोबर वाहून जातात. ओल्या साक्याचे हलवून-घोळवून गोल दाणे करतात, ते तापलेल्या पत्र्यावर थोडे भाजतात आणि उन्हात वाळवतात. भाजताना दाण्याच्या बाहेरचा स्टार्च अर्धवट शिजतो. पुढे तो भिजवून, वाफवून खाल्ला, की आतड्यात त्याची साखर लवकर होते.

हा साबुदाण्याचा दोष म्हणता येणार नाही. रिकाम्या पोटी झटपट शक्ती हवी असेल, आजारी माणसाला पचायला हलके द्यायचे असेल, तर तो उपयोगीच आहे. शिवाय शरीराला ऊर्जेपुरती कर्बोदके मिळत असली, की खाल्लेली प्रथिने इंधन म्हणून जाळावी लागत नाहीत, झीज भरून काढण्याच्या त्यांच्या मूळ कामाला ती शिल्लक राहतात. अडचण होते ती दिवसभराचे पोट एकट्या साबुदाण्यावर भरले तर.

खिचडीची एक ताटली घेऊन हिशेब मांडता येईल. एका माणसासाठी ६० ग्रॅम कोरडा साबुदाणा, म्हणजे सुमारे अर्धी वाटी, ५० ग्रॅमचा छोटा बटाटा, २० ग्रॅम दाण्याचे कूट, म्हणजे दोन-अडीच मोठे चमचे, आणि १० ग्रॅम तूप. साबुदाण्यातून ५२ ग्रॅम कर्बोदके येतात, बटाट्यातून दहाएक आणि कुटातून चार-पाच. एकूण झाली सुमारे ६७ ग्रॅम. प्रथिनांच्या रकान्यात साबुदाण्याचे योगदान ०.१ ग्रॅम, बटाट्याचे ०.८ ग्रॅम आणि कुटाचे जवळपास पाच ग्रॅम. ताटलीभर खिचडीत मिळून प्रथिने सहा ग्रॅमच्या आसपास, ऊर्जा मात्र साडेचारशे कॅलरींहून थोडी जास्त. म्हणजे खिचडीतली बहुतेक सगळी प्रथिने त्या दोन-अडीच चमचे कुटातून येतात. पांढरीशुभ्र दिसावी म्हणून खिचडीत कूट नावापुरते भुरभुरले, तर ताटलीत स्टार्च आणि तूप याखेरीज फारसे काही उरत नाही. तेच कूट दुप्पट केले, तर प्रथिने अकरा ग्रॅमपर्यंत जातात, पण कर्बोदके फारशी वाढत नाहीत. तेव्हा साबुदाणा थोडा कमी घ्यावा, कारण दाण्यांमध्ये सुमारे ४० टक्के तेल असते आणि वीस ग्रॅम जादा कुटाबरोबर शंभरावर कॅलरी येतात. कूट व्यवस्थित पडले आहे का, हे नुसत्या नजरेने ओळखता येते. भिजलेल्या प्रत्येक दाण्याला कुटाचा तपकिरी लेप लागलेला दिसला पाहिजे. हाच लेप दाणे एकमेकांना चिकटू देत नाही, म्हणून भरपूर कुटाची खिचडी मोकळीही होते.

हे प्रमाण दिवसाच्या गरजेशी ताडून पाहायला हवे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढ माणसाला दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. ५५ किलो वजनाच्या बाईला हा आकडा ४६ ग्रॅमच्या घरात जातो. सकाळी एक आणि संध्याकाळी एक अशा खिचडीच्या दोन ताटल्यांत बारा ग्रॅम येतात, म्हणजे गरजेच्या चौथ्या हिश्शाच्या थोडे वर.

बटाट्याबद्दल लोकांच्या मनात साबुदाण्यासारखेच मत असते, आणि ते बटाट्यावर अन्याय करणारे आहे. शंभर ग्रॅम कच्च्या बटाट्यात प्रथिने दीड-दोन ग्रॅमच दिसतात, पण त्यात पाऊण हिस्सा पाणी असते. समान ऊर्जेचा हिशेब केला, म्हणजे शंभर कॅलरींपुरता बटाटा आणि शंभर कॅलरींपुरता तांदूळ समोरासमोर ठेवले, तर दोन्हींत प्रथिने दोन ग्रॅमच्या आसपास भरतात. तेवढ्याच कॅलरींच्या साबुदाण्यात ०.०६ ग्रॅम. बटाट्याच्या प्रथिनांचा दर्जाही चांगला आहे. म्हणून उपवासाला उकडलेल्या बटाट्याची जिरे-मिरचीची भाजी साबुदाण्याच्या खिचडीपेक्षा वाईट ठरत नाही, उलट कमी तुपात होते. बटाटा बिघडतो तो तळल्यावर. वेफर्स आणि उपवासाचा चिवडा यांत पाणी निघून जाते आणि त्या जागी तेल बसते.

प्रथिनांचा विचार फक्त ग्रॅममध्ये करून भागत नाही. प्रथिने अमिनो आम्लांची बनलेली असतात आणि त्यांतली नऊ माणसाला अन्नातूनच मिळवावी लागतात. त्यांतले एखादे कमी पडले, की बाकीची भरपूर असूनही शरीराला ती पूर्ण वापरता येत नाहीत. शेंगदाण्यात शंभर ग्रॅममागे चोवीस-पंचवीस ग्रॅम प्रथिने असतात, उपवासाच्या कोरड्या जिनसांत याहून जास्त सहसा कशातच नाहीत. पण त्यांत लायसिन हे अमिनो आम्ल गरजेपेक्षा कमी पडते. गव्हाची अडचणही तीच.

राजगिऱ्याची खरी किंमत इथे कळते. राजगिरा हे गवताच्या कुळातले धान्य नव्हे. माठाची पालेभाजी ज्या कुळातली, त्याच कुळातल्या रोपाचे ते बारीक बी. उपवासाला चालते ते बहुधा त्यामुळेच. शंभर ग्रॅम राजगिऱ्यात साठेक ग्रॅम कर्बोदके आणि तेरा-चौदा ग्रॅम प्रथिने असतात, म्हणजे गव्हापेक्षाही थोडी जास्तच. शिवाय त्यांत लायसिन भरपूर असते, तेवढ्याच गव्हाच्या प्रथिनांतल्या लायसिनच्या जवळपास दुप्पट. दाण्यांतली उणीव राजगिरा भरतो, आणि दाणे प्रथिनांची एकूण मात्रा वाढवतात. राजगिऱ्याच्या चिक्कीत किंवा लाडवात दाणे घालण्याची घरोघरची पद्धत पोषणाच्या दृष्टीने अगदी योग्य आहे.

लाडवाबाबत मात्र एक गैरसमज दूर करायला हवा. राजगिऱ्याच्या लाह्या फुलून अनेक पटींनी मोठ्या होतात, त्यामुळे लाडू दिसतो केवढा तरी, पण त्याचे वजन जेमतेम वीस ग्रॅम भरते. त्यातही निम्मा गूळ. मग एका लाडवात राजगिरा राहिला दहा ग्रॅम आणि प्रथिने सव्वा-दीड ग्रॅम. दोन लाडू खाऊन प्रथिनांची सोय झाली असे मानणाऱ्याच्या पोटात मुख्यतः गूळ गेलेला असतो. राजगिऱ्याचा पुरेपूर फायदा हवा असेल, तर तो पिठाच्या रूपात खावा. पन्नास ग्रॅम पिठाच्या थालीपिठात साडेसहा ग्रॅम प्रथिने येतात. या पिठात ग्लुटेन नसल्याने ते कणकेसारखे एकजीव होत नाही, थापताना कडा फाटतात. म्हणून त्यात उकडलेला बटाटा किसून मळतात. वर मूठभर कूट घातले, की राजगिरा, बटाटा आणि दाणे तिघेही एकाच तव्यावर येतात.

वरीचा भात आणि दाण्याची आमटी ही जोडीसुद्धा खिचडीपेक्षा सरस आहे. वरीत, म्हणजे भगरीत, जातीनुसार शंभर ग्रॅममागे सहा ते दहा ग्रॅम प्रथिने असतात. साठ ग्रॅम वरी आणि तीस ग्रॅम दाण्यांची आमटी घेतली, तर त्या एका जेवणात अकरा ते तेरा ग्रॅम प्रथिने येतात, म्हणजे नेहमीच्या खिचडीच्या दुप्पट. त्याच ५५ किलो वजनाच्या बाईने एकादशीला दुपारी वरी-आमटी आणि वाटीभर दही घेतले, संध्याकाळी राजगिऱ्याची दोन थालीपिठे आणि पुन्हा वाटीभर दही, आणि रात्री कपभर दूध, तर प्रथिनांचा आकडा चाळिशीच्या आसपास जातो. साबुदाण्याला त्या दिवशी पूर्ण रजा दिली तरी उपवास उपवासच राहतो.

आठवड्यातून एका दिवशी प्रथिने कमी पडल्याने निरोगी माणसाचे काही बिघडत नाही. शरीर तेवढे सांभाळून घेते आणि दुसऱ्या दिवशीच्या वरण-भाताने भरपाई होते. प्रश्न येतो तो नवरात्रासारख्या सलग नऊ दिवसांच्या उपवासात, आणि त्यातही गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बायका आणि वृद्ध यांच्या बाबतीत. वृद्धांचे स्नायू आधीच झिजत असतात आणि भूक मंदावलेली असते, त्यामुळे मऊ म्हणून ते साबुदाण्याची पेज आणि खीर यांवरच दिवस काढतात. त्यांच्या पेजेत दूध आणि बारीक वाटलेले दाणे घालणे सहज शक्य आहे. दाणे चावत नाहीत ही अडचण कुटाने मिटते.

मधुमेह असलेल्यांना कर्बोदकांकडे वेगळे लक्ष द्यावे लागते. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या सुरू असताना बराच वेळ काहीच खाल्ले नाही, तर रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. मग भूक असह्य झाल्यावर वाडगाभर खिचडी खाल्ली, की ती वेगाने चढते. अशा उपवासाआधी औषधाच्या मात्रेबद्दल डॉक्टरांशी बोलायलाच हवे. कोणता पदार्थ आपल्याला किती चढतो, हे घरच्या ग्लुकोमीटरवरच कळते. खायला सुरुवात केल्यापासून दोन तासांनी साखर मोजावी, एकदा खिचडीनंतर आणि दुसऱ्या एखाद्या उपवासाला राजगिऱ्याचे थालीपीठ आणि दही खाल्ल्यानंतर. दाण्यांतले तेल, तंतू आणि दह्यातली प्रथिने यांमुळे पोट सावकाश रिकामे होते, म्हणून दुसऱ्या वेळचा आकडा सहसा कमी दिसतो. दोन्ही वेळी कर्बोदकांचे प्रमाण सारखे ठेवले, तरच ही तुलना खरी ठरते. साठ ग्रॅम साबुदाण्याएवढी कर्बोदके येण्यासाठी राजगिऱ्याचे पीठ ८०-८५ ग्रॅम लागते.