बोलणं आधी, संहिता नंतर

चाकणच्या एका कारखान्यासाठी भरतीचा व्हिडिओ करत होतो. आयटीआय झालेल्या मुलांनी सीएनसी ऑपरेटर म्हणून अर्ज करावेत, एवढाच हेतू होता. मी संहिता लिहून नेली होती. सात वर्षं मशीनवर काम केलेल्या एका ऑपरेटरच्या तोंडी वाक्य होतं, ‘इथे मला प्रगतीच्या अनेक संधी मिळाल्या.’ त्याने ते प्रामाणिकपणे पाठ केलं. सहा टेक झाले. प्रत्येक वेळी ‘प्रगतीच्या’ म्हणताना त्याची नजर वर जायची, कारण पुढचा शब्द तो आठवत असायचा. चूक त्याची नव्हती. जे वाक्य तो आयुष्यात कधी बोलला नसता, ते मी त्याच्या तोंडी घातलं होतं.

मग कागद बाजूला ठेवला आणि विचारलं, “तुमच्या हातून पहिला जॉब रिजेक्ट झाला, तो दिवस आठवतो?” तो हसला आणि म्हणाला, “आठवतो ना. ऑफसेट ०.०५ टाकायचा, मी ०.५ टाकला. जवळजवळ अर्धा मिलिमीटर जादा गेला. म्हटलं, आता घरी पाठवतात. साहेब आले, मशीन थांबवलं, म्हणाले, आधी चहा घेऊन ये, मग दाखव काय टाकलंस.” इथे शिकायला मिळतं, चुकलं तर सांभाळून घेतात, हे सगळं त्यात आलं होतं. ‘संधी’ हा शब्द न उच्चारता.

तेव्हापासून मी कर्मचाऱ्यांची वाक्यं आधी लिहीत नाही. आधी लिहितो ते प्रश्न. शूटिंगच्या दोन-तीन दिवस आधी फोनवर वीस मिनिटं गप्पा मारतो आणि कोणाकडे कुठला किस्सा आहे ते टिपून ठेवतो. पण तो किस्सा फोनवर पूर्ण सांगू देत नाही, कारण दुसऱ्यांदा सांगताना त्यातला ताजेपणा जातो. प्रश्नांची यादीही पाठवत नाही. फक्त विषय कळवतो, नाहीतर माणूस रात्री बसून उत्तरं लिहितो.

प्रश्न प्रसंगाचा हवा. ‘कंपनी कशी वाटते?’ असं विचारलं की उत्तर ‘छान’. ‘पहिला पगार झाला त्या दिवशी काय केलंत?’ असं विचारलं की गोष्ट सुरू होते. माझा आवाज व्हिडिओत नसतो, म्हणून एकच विनंती करतो: उत्तरात प्रश्न थोडा येऊ द्या. ‘चार वर्षं’ एवढंच नको, ‘मला इथे चार वर्षं झाली’ असं म्हणा. मी कॅमेऱ्याच्या अगदी शेजारी, त्यांच्या नजरेच्या पातळीवर बसतो. साहेब आणि एचआर खोलीबाहेर. ते समोर असले की माणूस प्रत्येक वाक्यानंतर त्यांच्याकडे बघतो.

खरी संहिता त्यानंतर तयार होते. त्या ऑपरेटरशी पस्तीस मिनिटं बोललो होतो. ते सगळं शब्द न् शब्द उतरवून काढलं, प्रत्येक परिच्छेदापुढे वेळ लिहिली. दोन मिनिटांच्या व्हिडिओत साधारण अडीचशे शब्द मावतात, आणि थोडी शांतता ठेवायची तर त्याहून कमी. मग कागदाचे दोन रकाने केले: एकात त्याचे निवडलेले शब्द, दुसऱ्यात त्या वेळी दिसायची दृश्यं. जिथे वाक्यं गाळली तिथे चित्र उडी मारतं. ती उडी झाकायला मायक्रोमीटर धरलेले त्याचे हात घेतले. ‘म्हटलं’ आणि चहाआधीचा क्षणभराचा थांबा मात्र तसाच ठेवला. ते काढलं असतं तर बोलणं पुन्हा पाठ केल्यासारखं वाटलं असतं.

कात्रीला मर्यादा हवी. एका वाक्याचा पूर्वार्ध आणि दुसऱ्याचा उत्तरार्ध जोडून तिसराच अर्थ काढणं ही फसवणूक आहे. ‘नाइट शिफ्टचा पहिला महिना जड गेला’ हे त्याचं वाक्य काढून टाका, असं एचआरने सुचवलं. मी ते ठेवण्याचा आग्रह धरला. अमेरिकेत जॉन वॅनस या संशोधकाने १९७३ साली टेलिफोन ऑपरेटरच्या नोकरीबद्दल असाच अभ्यास प्रसिद्ध केला होता. ज्या उमेदवारांना कामाच्या बऱ्या-वाईट दोन्ही बाजू फिल्ममधून दाखवल्या, त्यांच्या अपेक्षा वास्तवाला धरून होत्या आणि नोकरी सोडण्याचा विचार त्यांच्या मनात कमी आला. नाइट शिफ्ट लपवली, तर नवा मुलगा ती पहिल्याच महिन्यात पाहणार आणि निघून जाणार.

शेवटी व्हिडिओ आधी त्या ऑपरेटरला दाखवला. लेखी परवानगी घेतली, ‘नोकरी सोडल्यास व्हिडिओ काढायचा का’ हेही त्यात लिहून घेतलं. मग त्याच्या शेजारच्या मशीनवरच्या मित्राला डोळे मिटून फक्त आवाज ऐकायला सांगितला आणि विचारलं, हा असंच बोलतो का? तो म्हणाला, “अगदी असाच. ही ऑफसेटची गोष्ट तर आम्ही दर नव्या पोराला सांगतो.”