धुंदलवाडीचे धक्के आणि सरासरीची खिडकी

नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात जमीन हलू लागली. धुंदलवाडी परिसरातली माणसे घरे असून थंडीत तंबूत झोपली. एका मोठ्या धक्क्यामागून लहान धक्के, असा हा प्रकार नव्हता. लहानमोठ्या धक्क्यांची ती माळ होती आणि १ फेब्रुवारी २०१९ ला तीत ४.१ रिश्टरचा धक्का बसला. अशा माळेत रोजचा आकडा फार उड्या मारतो. मग 'जोर ओसरतोय का?' या प्रश्नासाठी आपण फिरती सरासरी काढतो. पण किती दिवसांची?

हिशेबाला सोपे, काल्पनिक आकडे घेऊ. महिनोन्‌महिने रोज दोन धक्के. एकविसाव्या दिवसापासून दहा दिवस रोज नऊ, आणि एकतिसाव्यापासून पुन्हा दोन. मागच्या सात दिवसांची सरासरी एकविसाव्या दिवशी तीन येते, मग रोज एकेक चढत सत्ताविसाव्याला नऊवर पोचते. एकतिसाव्याला ती आठ होते, म्हणजे उतार त्याच दिवशी दिसतो.

आता तीस दिवसांची घ्या. शिखर नऊऐवजी जेमतेम ४.३ चे. त्याहून वाईट म्हणजे रेघ तिसाव्यापासून पन्नासाव्या दिवसापर्यंत सपाट राहते आणि एकावन्नाव्याला उतरू लागते. त्या दिवशी जमिनीत काहीच घडलेले नसते. नऊचा पहिला आकडा खिडकीच्या मागच्या टोकातून बाहेर पडला, एवढेच. जमीन शांत होऊन वीस दिवस झाले तरी कागदावर संकट कायम!

म्हणून जी लाट गमवायची नाही, तिच्या लांबीहून खिडकी लहान हवी. मी पाच, सात आणि पंधरा दिवसांच्या रेघा एकाच कागदावर काढतो. खिडकी बदलली की जे वळण तेवढेच पुढे सरकते, ते बहुधा हिशेबाचे. कोविडच्या आकड्यांत सातला अर्थ होता, कारण रविवारी नोंदी कमी होत. भूगर्भाला रविवार नसतो.

एकाच दिवशी सदतीस धक्के आले तर? सातची सरासरी सात दिवस सातवर बसते आणि आठव्या दिवशी धाडकन कोसळते. असा चौकोनी टेबलासारखा आकार दिसला की सरासरीऐवजी मध्यक काढावा. सातांतला चौथा आकडा तेव्हाही दोनच असतो.

एक गोष्ट मात्र कुठल्याच खिडकीने सुटत नाही. २०१९ च्या सुरुवातीला परिसरात आणखी भूकंपमापक बसले. जवळचे यंत्र आधी निसटणारे बारीक धक्केही टिपते, त्यामुळे नोंदी वाढतात आणि जमीन तीच असते. तेव्हा आधी किमान तीव्रता ठरवून त्याखालचे धक्के दोन्ही काळांतून वगळावेत, मगच सरासरीला हात घालावा. आणि उतरलेली रेघ उद्याचे काही सांगत नाही. तडा गेलेल्या भिंतीखाली पुन्हा झोपावे का, याचे उत्तर भिंत तपासूनच मिळते.