जुन्या खांबाला नवे अंग

इमारतीचा खांब अपुरा पडू लागला म्हणजे त्याला चहूबाजूंनी जाड करावे, ही कल्पना कोणालाही सहज सुचण्यासारखी आहे. आपल्या शहरातून हिंडताना अशी कामे आता जागोजाग दिसतात. जुन्या खांबाचा गिलावा काढलेला असतो, त्याच्याभोवती नव्या गजांचा पिंजरा उभा असतो, आणि चार दिवसांनी पाहावे तो तिथे दुप्पट जाडीचा खांब! यालाच जाकीट घालणे असे म्हणतात. मात्र अंगरखा घातल्याने माणसाचे बळ वाढत नाही, तसेच नुसते काँक्रीट थापल्याने खांबाचेही वाढत नाही. नवे काँक्रीट किती घालावयाचे, गज किती घालावयाचे, आणि हिशोबात येते त्याहून अधिक का घालावयाचे, एवढाच प्रश्न आज आपण पाहू.

एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांचे तीन मजली घर आहे. त्यावर आणखी दोन मजले चढवावेत असे त्यांच्या मुलांच्या मनात आले. मी पाहणीला गेलो तेव्हा गृहस्थ म्हणाले, "साहेब, खांब तेवढे जाड करून टाका, म्हणजे झाले!" तळमजल्याचा मधला खांब ३० सेंटिमीटर चौरस होता आणि त्यात १६ मिलिमीटरचे चार साधे गोल गज होते. काँक्रीटची ताकद तपासली तेव्हा ती दर चौरस मिलिमीटरला १५ न्यूटन निघाली. अशा खांबाने निर्धोकपणे पेलावयाचा भार सुमारे ४५ टन येतो, आणि त्याच्यावर तेवढाच होता. नवे दोन मजले हलक्या भिंतींचे करून २६ टन आणि खांबांच्या जाकिटांचे स्वतःचे वजन सुमारे ४ टन, म्हणजे एकंदर ३० टन भार वाढणार होता. जाकिटाचे वजन पुष्कळजण हिशोबातून विसरतात. पण एका मजल्यावरचे जाकीटच सव्वा टनाच्या घरात जाते आणि ते अखेर पायालाच पेलावे लागते.

आता हिशोब पाहा. नवे काँक्रीट जुन्याहून दर चौरस मिलिमीटरला निदान ५ न्यूटनने अधिक ताकदीचे असावे असा नियम आहे. आम्ही २५ न्यूटनचे घेतले. त्यात शेकडा ०.८ या प्रमाणात पीळदार गज असतील, तर त्याचा प्रत्येक चौरस सेंटिमीटर सुमारे ८३ किलो भार निर्धोकपणे पेलतो. तेव्हा ३० टनांसाठी ३६१ चौरस सेंटिमीटर काँक्रीट पुरे. जुन्या खांबाचे ९०० चौरस सेंटिमीटर त्यात मिळवले की १,२६१ होतात, म्हणजे साडेपस्तीस सेंटिमीटर बाजूचा चौरस. थोडक्यात, जुन्या खांबाभोवती जेमतेम पावणेतीन सेंटिमीटरचा थर! हे ऐकून घरमालकांना आनंद झाला, आणि तो मला लगेच हिरावून घ्यावा लागला.

कारण या हिशोबात एक गोष्ट गृहीत धरली आहे: जुने आणि नवे काँक्रीट पहिल्या दिवसापासून एकजीव होऊन भार वाटून घेतील. तसे ते घेत नाही. जुना खांब कित्येक वर्षे ४५ टन डोक्यावर घेऊन उभा आहे. त्या भाराने तीन मीटर उंचीत तो सुमारे पाऊण मिलिमीटर तात्काळ आखूड झाला, आणि पुढे वर्षानुवर्षे सावकाश आणखीही दबला. नवे जाकीट मात्र जन्मते तेव्हा रिकामेच असते. त्याच्यावर कसलाच भार नसतो. पुढे जो नवा भार येईल, त्यातलाच वाटा त्याला मिळणार. शिवाय काँक्रीट वाळताना आकसते. आपल्या मानकात या आकसण्याचे प्रमाण हजारात ०.३ धरतात, म्हणजे तीन मीटर उंचीला जवळजवळ एक मिलिमीटर. जाकीट आखूड होऊ पाहते, आतला जुना खांब त्याला होऊ देत नाही, आणि या ओढाताणीत जाकिटाकडे आलेल्या भारातला काही भाग पुन्हा आतल्या म्हाताऱ्याच्याच खांद्यावर जातो.

म्हणूनच भारतीय मानक १५९८८ (सन २०१३) यात असा दंडक आहे की हिशोबाने जेवढे काँक्रीट येईल त्याच्या दीडपट घालावे, आणि जेवढे गज येतील त्याच्या एकतृतीयांश अधिक घालावेत. हे वाढीव माप म्हणजे जुन्या-नव्याची सांगड पुरती बसेलच असे नाही, याची आगाऊ तरतूद होय. आपल्या खांबात ३६१ चे ५४२ चौरस सेंटिमीटर झाले, बाजू ३८ सेंटिमीटरवर आली आणि थर ४ सेंटिमीटर झाला. गजांचे छेदफळ २.९ चौरस सेंटिमीटर निघाले होते, ते ३.८५ झाले.

पण एवढ्यानेही भागत नाही. चार सेंटिमीटरच्या थरात गज बसवावयाचा कसा? बाहेरून गजाला गंजापासून राखणारे काँक्रीटच ४ सेंटिमीटर हवे. त्याच्या आत ८ मिलिमीटरची रिंग, तिच्या आत १२ मिलिमीटरचा गज, असे मिळून ६ सेंटिमीटर गेले. मग गज आणि जुना खांब यांच्यामध्ये खडी उतरावयास जागा नको का? त्यासाठी आणखी ४ सेंटिमीटर ठेवावे लागतात. म्हणून त्याच मानकाने जाकिटाची किमान जाडी १० सेंटिमीटर ठरवली आहे. लहान खांबांच्या बाबतीत बहुधा हाच नियम अखेरचा शब्द ठरतो. आमचा ३० चा खांब ५० सेंटिमीटर चौरस झाला. नवे काँक्रीट १,६०० चौरस सेंटिमीटर, आणि त्याचे शेकडा ०.८ म्हणजे १२.८ चौरस सेंटिमीटर गज आम्ही धरले. १२ मिलिमीटरचे बारा गज घेतले की १३.५७ मिळतात. खांबाशेजारची बोळ मात्र वीतभर अरुंद झाली, त्याला इलाज नव्हता.

हे बारा गज चारी बाजूंना सारख्या अंतरावर उभे करण्याचा मोह होतो. पण खांबाच्या मध्यावर वरून तुळया येऊन बसलेल्या असतात आणि तिथून गज वर नेता येत नाही. म्हणून प्रत्येक कोपऱ्यात तीन-तीन गजांचा जुडगा करावा आणि स्लॅबला भोके पाडून तो वरच्या मजल्यात न्यावा. स्लॅबच्या खालीच गज संपवले, तर जाकीट सरळ भार थोडाफार पेलेल, पण भूकंपात खांब वाकू लागला म्हणजे नेमका सांध्याशी ते कामास येणार नाही. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात केंद्रापासून दोनशे किलोमीटरहून अधिक दूर असलेल्या अहमदाबादेत, तळमजला गाड्यांसाठी मोकळा सोडलेल्या कित्येक इमारती खांबांच्या टोकांशी मोडून बसल्या. सांध्याजवळ खांबाची खरी कसोटी लागते ती अशी. रिंगाही तिथे दाट हव्यात. मोकळ्या उंचीच्या चौथ्या हिश्श्यात, वरखाली दोन्हीकडे, दोन रिंगांत १० सेंटिमीटरहून अधिक अंतर नसावे. आम्ही सबंध उंचीला १० सेंटिमीटरच ठेवले. उभ्या खांबात बंद रिंग वरून ओवता येत नाही. म्हणून ती दोन तुकड्यांत करावी लागते आणि तिची टोके काटकोनात न ठेवता १३५ अंशांत आत वळवावी लागतात. काटकोनी आकडा जोराच्या हिसक्यात उघडतो. फिटर या बाबतीत कुरकुरतो, कारण त्या वळणाला वेळ लागतो. तो द्यावा.

आता मूळ प्रश्नाकडे पुन्हा येऊ: भार कोण घेतो? आमच्या खांबात जाकिटाचा ताठपणा एकूण ताठपणाच्या सुमारे सात-दशांश होता. म्हणजे नंतर येणाऱ्या ३० टनांपैकी २१ टन जाकिटाकडे आणि ९ टन जुन्या गाभ्याकडे जाणार. पण गाभ्यावर आधीच ४५ टन आहेत. म्हणजे जाकीट घालूनही गाभा ५४ टनांवर गेला! वर सांगितलेल्या दाट रिंगा गाभ्याला करकचून धरतात, त्यामुळे तो एकाएकी फुटत नाही हे खरे. तरीही आधीच टेकू लावून भार हलका करणे फार बरे. आम्ही तुळयांखाली पोलादी टेकू उभे केले, स्क्रूजॅकने सावकाश २० टन उचलले, आणि मग काँक्रीट भरले. काँक्रीट पक्के झाल्यावर टेकू सोडले तेव्हा ते २० आणि पुढचे ३० असे ५० टन दोघांत वाटले गेले. जाकिटाकडे ३५ आणि गाभ्याकडे १५, म्हणजे गाभ्यावर एकूण ४०. टेकूंचा खर्च घरमालकांना जड वाटला होता. हा हिशोब कागदावर मांडून दाखवल्यावर ते गप्प झाले. टेकू तळमजल्याच्या फरशीवर नव्हे, भक्कम बैठकीवर उभे करावे लागतात, आणि शेजारशेजारचे दोन खांब एकाच वेळी उघडावयाचे नसतात, हेही जाता जाता सांगतो.

काम बिघडते ते बहुधा जुन्या पृष्ठभागाशी. गिलावा तर काढावाच, पण खालचे काँक्रीटही खडी उघडी पडेपर्यंत, निदान ६ मिलिमीटर खोल टाचावे आणि तारेच्या ब्रशाने झाडून काढावे. गजांच्या कडेने उभ्या भेगा असतील तर आत गंज आहे असे समजावे. ते काँक्रीट गजाच्या मागपर्यंत काढून गज साफ केल्याविना जाकीट घालू नये, नाहीतर गंज आत फुगत राहतो आणि नवे काँक्रीटही फोडतो. पुढे जुन्या काँक्रीटमध्ये भोके पाडून लहान आडवे गज इपॉक्सीने पक्के करावेत, म्हणजे नवे अंग जुन्यावरून घसरत नाही. भरण्यापूर्वी पृष्ठभाग भिजवलेला असावा, पण त्यावर पाणी साचलेले नसावे.

दुसरी नाजूक जागा सर्वांत वर असते. दहा मिलिमीटरच्या खडीचे पातळसर काँक्रीट फर्म्यात ओतले की ते खाली बसते आणि तुळईच्या तळाशी एक बारीक फट उरते. त्या फटीमुळे वरचा भार जाकिटात सरळ उतरतच नाही. अशी एक इमारत मी पाहिली आहे. खांब देखणे होते, गिलावा गुळगुळीत होता, पण वरच्या सांध्यात माझ्या खिशातील पट्टीचे टोक दोन बोटे आत गेले. हातोडीने ठोकले तर खालचा भाग खणखणीत वाजे आणि मध्ये एक हातभर भाग बद्द वाजला. तिथे जाकीट जुन्या खांबापासून सुटलेले होते. त्या घरात जाकिटांवर पैसे खर्च झाले होते, आणि भार अजून जुनेच खांब वाहत होते. यावर उपाय म्हणजे काँक्रीट वरच्या स्लॅबच्या भोकांतून ओतणे, तळईचा शेवटचा थर फुगीर ग्राउटने दाबून भरणे, आणि निदान सात दिवस, पोझोलाना सिमेंट असल्यास दहा दिवस, ओले गोणपाट गुंडाळून ठेवणे.

आमच्या गृहस्थांच्या घराचे काम सुरू करण्यापूर्वी आम्ही पायाही खणून पाहिला. जाकिटाचे गज तिथपर्यंत नेऊन रुजवावे लागतात. मधल्या खांबाचा पाया ७५ टनांना पुरणारा नव्हता, म्हणून त्यालाही रुंद करावे लागले. दोन कडेच्या खांबांचा पाया शेजाऱ्याच्या भिंतीला लागून होता आणि तो रुंद करावयास जागाच नव्हती. तेव्हा दोन मजल्यांऐवजी एकच मजला चढवण्यात आला.