पंचवीस हजार, पण कसले?

भाच्याला पहिली नोकरी लागली, महिना 25,000 रुपये. त्याच्या मित्रालाही दुसरीकडे तेवढेच ठरले. महिनाअखेरीला मित्राच्या खात्यात 23,000 आले, याच्या 22,500. “मामा, पाचशेच कमी आहेत, चालायचंच,” तो म्हणाला. मी म्हटलं, दोघांचे कागद आण.

मित्राला मिळाला होता पगार. 15,000 मूळ वेतनावर बारा टक्के, म्हणजे 1,800 रुपये पीएफ कापला गेला आणि 200 रुपये व्यवसाय कर. पण मालकानेही पदरचे 1,800 घातले. म्हणजे दरमहा 3,600 रुपये मित्राच्याच नावावर साठत होते.

भाच्याच्या पत्रात शब्द होता ‘रिटेनर’. दहा टक्के टीडीएस कापून बाकीचे हातात. हा कर रिटर्न भरल्यावर परत मिळू शकतो, पण पीएफ नाही, भरपगारी रजा नाही. रिटेनर ही वकील किंवा सल्लागाराला बांधून ठेवण्याची रक्कम. महिन्यात काम कमी निघालं तरी ती ठरल्याप्रमाणे द्यायची, आणि बाकीचा वेळ त्याचा त्याला मोकळा. भाचा मात्र नऊ ते सहा हजेरी लावत होता आणि बाहेरचं काम घ्यायला त्याला बंदी होती. नाव रिटेनरचं, राबणं नोकराचं.

उरलेले तीन शब्दही असेच तपासावेत. मजुरी दिवसावर किंवा नगावर ठरते. खाडा झाला की त्या दिवसाचे पैसे गेले. मात्र सरकारने ठरवलेल्या किमान दराखाली ती देता येत नाही. विद्यावेतन शिकणाऱ्याला मिळतं. 1961च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली घेतलेला उमेदवार कामगार धरला जात नाही, म्हणून त्याचा पीएफ नसतो. तेव्हा शिकण्याची मुदत किती आणि शेवटी प्रमाणपत्र कोणतं, हे आधी विचारावं.

मानधन म्हणजे मान राखून दिलेली रक्कम. व्याख्यात्याला पाकिटातून देतात ती. पण हाच शब्द अंगणवाडी सेविकांना वर्षानुवर्षं लावला गेला. गुजरातमधल्या सेविका ग्रॅच्युइटीसाठी कोर्टात गेल्या, तेव्हा समोरून म्हणणं आलं की हे वेतन नाही, मानधन आहे. एप्रिल 2022मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळलं. त्यांना मिळतं ते ग्रॅच्युइटीच्या कायद्यापुरतं वेतनच, असा निकाल दिला.

म्हणजे पत्रावरचा शब्द अखेरचा नसतो. काम कसं करून घेतलं जातं, तेही बघितलं जातं. पण त्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागली. भाच्याला मी सही करण्याआधीचा सोपा प्रश्न सांगितला: “मी आठ दिवस आजारी पडलो, तर हातात किती येतील?” उत्तर ऐकलं की पाचांपैकी कोणता शब्द खरा, ते कळतं.