काचेपलीकडची गाणी

आमच्या कॉलेजच्या रस्त्यावर टीव्हीचं एक दुकान होतं. शोकेसमध्ये आठ-दहा संच एकावर एक रचलेले, सगळ्यांवर एकच म्युझिक चॅनल, आणि आवाज मात्र काचेआड कोंडलेला. बसथांबा नेमका समोर. १९९५ नंतरची काही वर्षं बस येईपर्यंत मुक्या चित्रावरून गाणं ओळखायचा आमचा खेळ चालायचा. हरेल त्याने सगळ्यांची तिकिटं काढायची. सुरुवातीला आणि शेवटी खालच्या कोपऱ्यात गाण्याच्या नावाची पट्टी यायची. ती दिसली की डाव बाद.

पहिली काही वर्षं खेळ सोपा होता, कारण तेव्हाच्या इंडिपॉप व्हिडिओंना गोष्ट असायची. १९९५ सालच्या ‘मेड इन इंडिया’त राजकन्या, देशोदेशीचे उमेदवार आणि शेवटी लाकडी खोक्यातून निघणारा मिलिंद सोमण. खोकं दिसलं की कुणी पैज लावतच नसे. १९९८ सालचं सिल्क रूटचं ‘डूबा डूबा’ पाण्याखालच्या दृश्यांमुळे असंच एका झटक्यात कळायचं. पण नुसत्या स्थळावर भरवसा ठेवून चालत नसे. पाऊस, वाळवंट, जुना वाडा, समुद्रकिनारा हे सगळ्यांचंच भांडवल. शुभा मुद्गलांच्या ‘अब के सावन’मध्ये लोक पावसात नाचतात हे खरं, पण पावसात नाचणारे सगळेच काही ‘अब के सावन’ नव्हेत. या समजापायी मी दोनदा तिकिटं काढली आहेत.

खरी अडचण दलेर मेहंदीची. पगडी, घोळदार चोगा, उसळणारे खांदे हे त्याच्या प्रत्येक गाण्यात. माणूस लांबून ओळखू यायचा, गाणं नाही. मग ओठांकडे बघायचं. प, ब, म म्हणताना ओठ मिटावेच लागतात. त, न, क जिभेवरच होतात. ‘बोलो ता रा रा’त ओठ सुरुवातीला एकदा मिटतात आणि पुढे तीनदा तोंड मोठं उघडतं. ‘तुनक तुनक तुन’मध्ये ओठ मिटतच नाहीत, ‘तु’साठी नुसते पुढे येतात. हे एकदा लक्षात आल्यावर महिनाभर मी फुकट प्रवास केला. युक्तीला मर्यादा होतीच: गायक पाठमोरा असला, किंवा पडद्यावर गायकाऐवजी एखादी मॉडेल नुसतीच हिंडत असली, की ओठ निरुपयोगी.

‘तुनक’ला खरं तर ओठांचीही गरज नव्हती. दलेरची गाणी सुंदर नर्तकींच्या जोरावर चालतात अशी टीका तेव्हा व्हायची. त्याचं उत्तर म्हणून १९९८ सालच्या या व्हिडिओत त्याने दुसरं कुणी घेतलंच नाही. वेगवेगळ्या रंगांच्या पोशाखांतले चार दलेर, एकमेकांशेजारी नाचणारे. निळ्या पडद्यापुढे चित्रण करून मागे संगणकावरचे डोंगर आणि घुमट चिकटवले होते. ते फार ओबडधोबड दिसायचं, पण ओळख पटवायला ओबडधोबडपणाच कामी येतो. गुळगुळीत चित्रं एकमेकांत मिसळून जातात.

आमचा खेळ रिमिक्सने बुडवला. २००२ साली ‘कांटा लगा’ आलं. मूळ गाणं १९७२च्या ‘समाधी’तलं, लताबाईंच्या आवाजातलं, पडद्यावर आशा पारेख. आता त्याच गाण्यावर पबमध्ये जीन्स घातलेली शेफाली जरीवाला. तिच्या त्या पेहरावाने इतका गदारोळ केला की हा व्हिडिओ चुकणं अशक्य होतं. पण पुढच्या दोनेक वर्षांत त्याच्या नकला निघाल्या: तसाच पब, तशीच जीन्स, तेच लाल-निळे दिवे. वेशभूषा सारखी, स्थळ सारखं, नाच सारखा, आणि ओठ कुणाचेच हलत नाहीत. नुसत्या चित्रावरून मूळ गाणं कुठल्या दशकातलं हेही सांगता येईना. आमच्यातला एक जण अशा वेळी कट मोजायचा: दहा सेकंदांत दृश्य किती वेळा बदलतं त्यावरून लय द्रुत की विलंबित. पण रिमिक्समध्ये सगळंच द्रुत. तोवर बसथांबाही हलला होता.

शेवटचा डाव मात्र बऱ्याच वर्षांनी, भाच्याच्या खोलीत जिंकलो. तो कानाला हेडफोन लावून ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ खेळत होता. २००७ साली त्या खेळात ड्रेनाय नावाची जमात आली, निळ्या कातडीची, खुरांची. त्यातल्या पुरुषाला नाचायची आज्ञा दिली की तो ‘तुनक’च्याच चाली करतो. भाच्याने दलेर मेहंदीचं नावही ऐकलं नव्हतं. ना पगडी, ना चोगा, ना पंजाब. मला आवाजही ऐकू येत नव्हता. मी दारातूनच गाण्याचं नाव सांगितलं. त्याने हेडफोन काढून विचारलं, “मामा, तू हा गेम खेळलायस?”